सम संख्येच्या सामग्रीचा मध्यक : सिंधुदुर्गातील आठ तालुक्यांच्या लोकसंख्येच्या आधारे एक विवेचन

प्रास्ताविक

मध्यकाची व्याख्या शालेय स्तरावरच परिचित होते. सामग्रीतील प्राप्तांक चढत्या किंवा उतरत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारा प्राप्तांक म्हणजे मध्यक. प्राप्तांकांची संख्या विषम असेल तोवर ही व्याख्या बिनतक्रार चालते. ती सम झाली की मात्र व्याख्येला जोडलेले एक वाक्य पुढे येते : अशा वेळी मधल्या दोन प्राप्तांकांची सरासरी घ्यावी. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात, उत्तरही अचूक काढतात. परंतु ते उत्तर मूळ यादीत सापडत नाही असे दिसताच आकडेमोड चुकल्याची शंका त्यांच्या मनात येते. ही शंका रास्त आहे, कारण ‘मधोमध येणारा प्राप्तांक’ अशी व्याख्या सांगून प्राप्तांकच नसलेली संख्या उत्तर म्हणून देण्यात एक विसंगती दिसते. सदर विसंगती कोठून उद्भवते आणि सरासरीचा नियम नेमका कशासाठी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रत्यक्ष सामग्रीवरून केला आहे.

सामग्री आणि तिची मांडणी

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज आठ तालुके आहेत. आठ ही सम संख्या असल्याने प्रस्तुत विषयासाठी हा जिल्हा सोयीचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. तालुकानिहाय लोकसंख्या चढत्या क्रमाने मांडली असता पुढील यादी मिळते.

१. वैभववाडी : ४३,८४५
२. दोडामार्ग : ४८,९०४
३. वेंगुर्ला : ८५,८०१
४. मालवण : १,११,८०७
५. देवगड : १,२०,९०९
६. कणकवली : १,३५,२९५
७. सावंतवाडी : १,४७,४६६
८. कुडाळ : १,५५,६२४

ही क्रमवारी जिल्ह्याच्या भूगोलाशी जुळणारी आहे, हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन लहान तालुके आरंभी आहेत, मुंबई-गोवा महामार्गावरील तीन तालुके शेवटी आहेत, आणि वेंगुर्ला, मालवण व देवगड हे किनाऱ्याचे तिन्ही तालुके मध्ये आहेत. मध्यकाचा प्रश्न त्यामुळे किनाऱ्यावरच, मालवण आणि देवगड यांच्या दरम्यान, येऊन ठेपतो.

चौथा आणि पाचवा हे मधले दोन प्राप्तांक. त्यांची बेरीज २,३२,७१६ आणि तिची निमपट १,१६,३५८. नियमानुसार मध्यक १,१६,३५८ होय. एवढी लोकसंख्या असलेला तालुका सिंधुदुर्गात नाही. चार तालुके या संख्येच्या खाली आहेत आणि चार वर आहेत; तिच्यावर मात्र एकही नाही.

येथे दोन नेहमीच्या चुका आढळतात. पहिली चूक म्हणजे मांडणी न करता यादीतील मधले आकडे उचलणे. तालुक्यांची नावे वर्णानुक्रमाने लिहिली तर चौथ्या व पाचव्या स्थानी दोडामार्ग आणि मालवण येतात, आणि त्यांची सरासरी ८०,३५५.५ निघते. ही चूक ओळखण्यास पुन्हा आकडेमोड करावी लागत नाही. मिळालेल्या उत्तराच्या दोन्ही बाजूंचे प्राप्तांक मोजले की पुरते. ८०,३५५.५ च्या खाली दोनच तालुके आहेत आणि वर सहा. दोन्ही बाजू समान नसतील तर तो मध्यक नव्हे. दुसरी चूक स्थान आणि मूल्य यांच्या गोंधळातून होते. आठात एक मिळवून दोनाने भागले असता साडेचार येतात. हे साडेचार म्हणजे मध्यक नव्हे, तर मध्यकाचे स्थान. चौथ्या आणि पाचव्या प्राप्तांकांच्या बरोबर मध्ये उभे राहावे, एवढेच ते सांगते.

जोड्या लावण्याची रीत

साडेचारावे स्थान रिकामे का असते, हे जोड्या लावून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. यादीतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा प्राप्तांक यांची जोडी करून ती बाजूला काढावी. उरलेल्यांतून पुन्हा तसेच करावे. पहिली जोडी वैभववाडी व कुडाळ यांची, दुसरी दोडामार्ग व सावंतवाडी यांची, तिसरी वेंगुर्ला व कणकवली यांची आणि चौथी मालवण व देवगड यांची. चार जोड्यांत आठही तालुके संपतात आणि मागे कोणीच उरत नाही. मध्य दाखविणारा तालुका मिळत नाही, याचे कारण एवढेच. सम संख्येत प्रत्येकाला जोडीदार मिळतो. विषम संख्येत एक जण जोडीविना उरतो आणि तोच मध्यक ठरतो.

सिंधुदुर्गात असा एकटा तालुका मिळविता येतो. दोडामार्ग हा पूर्वी सावंतवाडी तालुक्याचा भाग होता. २०११ चेच आकडे घेऊन हे दोन्ही तालुके एकत्र मोजले तर त्यांची लोकसंख्या १,९६,३७० होते आणि जिल्ह्यात सात तालुके राहतात. आता वैभववाडीची जोडी या मोठ्या सावंतवाडीशी लागते, वेंगुर्ल्याची कुडाळशी, मालवणची कणकवलीशी; आणि देवगड एकटा उरतो. मध्यक १,२०,९०९, आणि तो यादीत आहे. जिल्ह्यात एकही माणूस वाढला वा घटला नाही. केवळ एक सीमारेषा आखल्याने सातांचे आठ झाले आणि मध्यक यादीतून बाहेर पडला.

इंग्लंडमधील एका प्रसिद्ध उदाहरणात हे विषमपण योगायोगाने जुळून आले होते. प्लिमथ येथील जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. तिच्या चिठ्ठ्या फ्रान्सिस गाल्टन याने तपासल्या आणि १९०७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांवर टिपण लिहिले. सुमारे ८०० चिठ्ठ्यांपैकी १३ सदोष म्हणून वगळल्यावर ७८७ उरल्या. ७८७ विषम असल्याने ३९३ चिठ्ठ्या एका बाजूला, ३९३ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये एक, अशी विभागणी झाली. ती मधली चिठ्ठी गाल्टनने १,२०७ पौंडांची दिली आहे. सदोष चिठ्ठ्या १३ ऐवजी १२ निघाल्या असत्या, तर मधला अंदाज म्हणून एकच चिठ्ठी हाती धरता आली नसती.

मध्यक यादीत केव्हा असतो ?

शीर्षकातील प्रश्नाचे नेमके उत्तर आता देता येते. मधले दोन प्राप्तांक परस्परांहून भिन्न असतील तर त्यांची सरासरी पहिल्यापेक्षा मोठी व दुसऱ्यापेक्षा लहान असणार. पण मांडणीत हे दोघे शेजारी आहेत. त्यांच्या दरम्यान यादीतील तिसरा प्राप्तांक असू शकत नाही, अन्यथा तोच मांडणीत त्यांच्या मध्ये आला असता. म्हणून अशा वेळी मध्यक यादीत कधीही नसतो. मधले दोन प्राप्तांक समान असतील तर त्यांची सरासरी तीच संख्या राहते आणि मध्यक यादीत मिळतो. याखेरीज तिसरी शक्यता नाही.

चार कुटुंबांत अनुक्रमे ३, ४, ४ व ७ माणसे असतील तर मध्यक ४ आहे आणि तो यादीत दोनदा आहे. ३, ४, ५ व ७ माणसे असतील तर मध्यक साडेचार. प्राप्तांक मोजणीचे आणि लहान असतील तेव्हा ते वारंवार समान येतात, म्हणून सम संख्येतही मध्यक यादीत सापडण्याचा संभव पुष्कळ असतो. तालुक्यांच्या लोकसंख्येसारखे मोठे आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. पाठ्यपुस्तकातील लहान उदाहरणे सोडविण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष सामग्री हाताळताना हा फरक म्हणूनच अनपेक्षित वाटतो.

सरासरीच का ?

मधल्या दोन प्राप्तांकांची सरासरी घेणे हा सिद्धान्त नाही, संकेत आहे. ही गोष्ट अध्यापनात सहसा स्पष्ट केली जात नाही. मध्यकाकडून मूळ अपेक्षा एवढीच असते की निम्म्यापेक्षा कमी नाहीत इतके प्राप्तांक त्याच्याएवढे किंवा त्याहून लहान असावेत, आणि तितकेच त्याच्याएवढे किंवा त्याहून मोठे असावेत. मालवणच्या १,११,८०७ पासून देवगडच्या १,२०,९०९ पर्यंतची कोणतीही संख्या ही अपेक्षा पूर्ण करते. १,१५,००० घेतले तरी खाली चार तालुके आणि वर चार. १,२०,००० घेतले तरी तेच.

मध्यकाचा दुसरा गुणधर्म तपासला तरी निकाल बदलत नाही. मध्यकापासून सर्व प्राप्तांकांच्या अंतरांची बेरीज, चिन्ह न पाहता, सर्वांत कमी असते. जोड्यांच्या रीतीने हे सहज कळते. एखादी संख्या जोडीतील दोघांच्या दरम्यान असेल, तर तिच्यापासून त्या दोघांच्या अंतरांची बेरीज त्या दोघांमधील अंतराएवढीच असते. संख्या थोडी डावीकडे सरकली तर एक अंतर जेवढे घटते तेवढेच दुसरे वाढते. आपल्या चार जोड्यांमधील अंतरे १,११,७७९, ९८,५६२, ४९,४९४ आणि ९,१०२ अशी आहेत. त्यांची बेरीज २,६८,९३७. मालवण-देवगड ही सर्वांत आतली जोडी असल्याने तिच्या दरम्यानची संख्या चारही जोड्यांच्या आत असते, आणि म्हणून तेथील प्रत्येक संख्येसाठी ही बेरीज २,६८,९३७ च राहते. त्या पट्ट्याच्या बाहेर पाऊल पडताच ती वाढू लागते.

अर्थात येथे मध्यक हा बिंदू नसून ९,१०२ एवढ्या लांबीचा पट्टा आहे. परंतु सर्वांनी एकच उत्तर लिहावे, यासाठी त्या पट्ट्यातून एक संख्या निवडणे भाग पडते. पट्ट्याचा मध्यबिंदू निवडण्यात औचित्य आहे, कारण तो दोन्ही टोकांपासून सारखाच, प्रत्येकी ४,५५१ अंतरावर असतो. यादी चढती मांडली काय किंवा उतरती मांडली काय, उत्तर तेच येते. ‘मधल्या दोघांपैकी पहिला घ्यावा’ असा नियम केला असता तर चढत्या मांडणीत मालवण आणि उतरत्या मांडणीत देवगड मध्यक ठरला असता. संगणकावरील तक्त्यांत MEDIAN हे फलन हाच मध्यबिंदू देते.

यादीतील तालुकाच मध्यक मानण्याचा आग्रह धरल्यास काय होते, तेही पाहावे. मालवणला मध्यक मानले तर त्याच्या खाली तीन तालुके राहतात आणि वर चार. देवगडला मानले तर खाली चार आणि वर तीन. समजा, एखाद्या योजनेसाठी ‘मध्यकापेक्षा अधिक लोकसंख्येचे तालुके’ निवडावयाचे आहेत. १,१६,३५८ घेतल्यास देवगडसह चार तालुके पात्र होतात. देवगडलाच मध्यक मानल्यास तो स्वतःपेक्षा मोठा नसल्याने वगळला जातो आणि तीनच उरतात. यादीत नसलेली संख्या येथे अधिक निष्पक्ष ठरते, कारण ती कोणत्याही तालुक्याची नाही.

मध्य आणि मध्यक यांमधील मालवण

यादीत नसण्याचा गुण मध्यकाप्रमाणेच मध्यालाही, म्हणजे नेहमीच्या सरासरीलाही असतो. पण त्याबद्दल कोणी शंका घेत नाही. आठ तालुक्यांचा मध्य ८,४९,६५१ भागिले आठ, म्हणजे १,०६,२०६.३७५ आहे. तालुक्याच्या लोकसंख्येत अपूर्णांक आला तरी वाचक तो निमूट स्वीकारतो, कारण सरासरी हा हिशेब असतो हे त्याला ठाऊक असते. मध्यकाकडे मात्र तो निवड म्हणून पाहतो. सम संख्येत मध्यकालाही थोडा हिशेब करावा लागतो, हा या प्रकरणातील अडचणीचा गाभा आहे.

या दोन मापांच्या दरम्यान मालवण तालुका सापडला आहे. त्याची लोकसंख्या मध्यापेक्षा सुमारे ५,६०० ने अधिक, तर मध्यकापेक्षा ४,५५१ ने कमी आहे. ‘मालवण हा सरासरीहून मोठा तालुका आहे’ आणि ‘मालवण हा खालच्या निम्म्या तालुक्यांपैकी आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. वैभववाडी व दोडामार्ग हे दोन लहान तालुके मध्याला खाली ओढतात. मध्यकावर त्यांच्या लहानपणाचा परिणाम होत नाही, ते खाली आहेत एवढेच त्याला पुरते. वैभववाडीची लोकसंख्या ४३,८४५ ऐवजी २०,००० असती तरी मध्यक १,१६,३५८ च राहिला असता.

मध्यक स्थिर असतो, तो शेवटच्या प्राप्तांकांच्या बाबतीत. मधल्या दोघांच्या बाबतीत नाही. देवगडची लोकसंख्या दोन हजारांनी वाढली तर मध्यक एक हजाराने वाढतो. विषम संख्येत मध्यक एकाच प्राप्तांकाच्या आधाराने उभा असतो, सम संख्येत दोघांच्या.

पट्टा रुंद असेल तेव्हा

मधल्या दोघांमधील अंतर लहान असते तेव्हा मध्यबिंदूचा संकेत कोणाला खटकत नाही. ते मोठे असते तेव्हा सावधगिरी हवी. या यादीतच त्याचे उदाहरण आहे. पहिले चतुर्थक काढण्याची एक प्रचलित रीत म्हणजे खालच्या निम्म्या प्राप्तांकांचा मध्यक घेणे. खालचे चार तालुके वैभववाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला व मालवण. त्यांतील मधले दोन ४८,९०४ आणि ८५,८०१. सरासरी ६७,३५२.५.

या उत्तरातील अर्धा माणूस पाहून हसू येईल, पण दोष त्या अर्ध्यात नाही. तो वर वा खाली पूर्ण केला तरी काही बिघडत नाही. खरी गोष्ट अशी की दोडामार्ग आणि वेंगुर्ला यांच्या दरम्यान ३६,८९७ एवढी मोठी पोकळी आहे, आणि ६७,३५२.५ ही संख्या त्या पोकळीच्या मधोमध आहे. ‘सिंधुदुर्गातील लहान तालुके साधारण ६७ हजार वस्तीचे असतात’ असे विधान कोणी या चतुर्थकावरून केले तर ते फसवे ठरेल. ६७ हजारांच्या आसपास एकही तालुका नाही. एक गट पंचेचाळीस-पन्नास हजारांचा आहे आणि दुसरा पंच्याऐंशी हजारांच्या पुढचा. म्हणून सम संख्येचा मध्यक किंवा चतुर्थक देताना मधले दोन्ही प्राप्तांक सोबत नोंदविणे हितावह असते. ‘मध्यक १,१६,३५८ (१,११,८०७ व १,२०,९०९ यांच्या दरम्यान)’ एवढ्या लिहिण्याने वाचकाला पट्ट्याची रुंदी कळते.

सरासरी घेताच येत नाही तेव्हा

आतापर्यंत मधल्या दोन प्राप्तांकांची बेरीज करून तिची निमपट करता येते हे गृहीत धरले आहे. क्रम असलेली, पण बेरीज न होणारी सामग्रीही असते. मालवण बंदरावर वादळी हवामानात लावल्या जाणाऱ्या बावट्यांचे क्रमांक त्याच प्रकारचे आहेत. भारतीय बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे इशारे वापरले जातात. तीन नंबरचा बावटा स्थानिक सावधगिरीचा आणि चार नंबरचा स्थानिक इशाऱ्याचा. दोन्ही किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या परिचयाचे. केवळ उदाहरणादाखल असे समजावे की आठ दिवसांच्या नोंदी चढत्या क्रमाने १, १, ३, ३, ४, ४, ४, ४ अशा आहेत. मधले दोन क्रमांक ३ आणि ४, त्यांची सरासरी साडेतीन. साडेतीन नंबरचा बावटा बंदराजवळ नाही, आणि त्याला अर्थही नाही. कारण तीनपासून चारपर्यंतचे अंतर हे वजनाच्या वा लोकसंख्येच्या अंतरासारखे मोजलेले अंतर नव्हे.

अशा सामग्रीसाठी यादीतीलच प्राप्तांक घ्यावा लागतो. मधल्या दोघांतील लहान तो खालचा मध्यक आणि मोठा तो वरचा मध्यक. संगणकाच्या पायथॉन भाषेतील statistics या संचात median_low आणि median_high अशी दोन स्वतंत्र फलने याच कारणाने दिली आहेत. दोहोंतून कोणता घ्यावा हे गणित ठरवीत नाही, कामाचे स्वरूप ठरविते. होड्या समुद्रात न्याव्यात की नाही हा प्रश्न असेल तर वरचा मध्यक, म्हणजे चार नंबर, घेणेच शहाणपणाचे.

याही पलीकडे एक मर्यादा आहे. पाच, सहा आणि सात हे तिन्ही क्रमांक धोक्याचेच आहेत. त्यांतील फरक वादळाच्या जोराचा नसून ते बंदराच्या कोणत्या बाजूने, की बंदरावरूनच, जाण्याची अपेक्षा आहे याचा आहे. म्हणजे सहा हा पाचापेक्षा ‘मोठा’ नाही. ज्या नोंदींत हे क्रमांक येतात त्या चढत्या क्रमाने मांडण्यालाच आधार राहत नाही, आणि तेथे खालचा, वरचा किंवा मधला असा कोणताच मध्यक काढता येत नाही.